दोन वर्षांनंतरचं व्याज आजच

समजा, मधे व्याज न देणाऱ्या सरकारी रोख्यांवर दोन वर्षांचा दर 6.5 टक्के आहे आणि तीन वर्षांचा 7. मग तिसऱ्या वर्षाचा दर किती? साडेसात म्हणाल, तर फसाल. शंभर रुपयांचे दोन वर्षांत 113.42 होतात, तीन वर्षांत 122.50. म्हणजे तिसऱ्या वर्षात 113.42 रुपयांवर 9.08 रुपये मिळतात: 8.01 टक्के. तीन वर्षांची सरासरी अर्ध्या टक्क्यानं चढवायची, तर सगळा भार त्या एकट्या वर्षावरच पडणार ना!

हे गणित सहामाही व्याज देणाऱ्या रोख्यांच्या परताव्यावर करू नका. उत्तर थोडं चुकतं. आणि 8.01 म्हणजे भाकीत नव्हे. त्यात पैसा जास्त काळ अडकवण्याचा मोबदलाही मिसळलेला असतो.