ट्रॉली कोणाला ओढते?

गळीत हंगामात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात. समजा, सपाट रस्त्यावर १० टनांच्या एका ट्रॉलीला ट्रॅक्टर ४००० न्यूटन बलाने पुढे ओढतोय आणि चाकांचा रोध २००० न्यूटन आहे. उरले २००० न्यूटन. त्यांना १०,००० किलोने भागा, प्रवेग ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता फ्री बॉडी डायग्राममधली नेहमीची चूक. ट्रॉलीही ट्रॅक्टरला ४००० न्यूटनने मागे ओढते, हा न्यूटनचा तिसरा नियम. म्हणून काही विद्यार्थी तोही बाण ट्रॉलीवरच काढतात. मग ४००० ला ४००० कटतात, रोध तेवढा उरतो आणि उत्तर येतं की उभी ट्रॉली आपोआप मागे सरकेल! तसं झालं तर कारखाना बंदच पडायचा.

दुसरा नियम वस्तूवर लागणाऱ्या बलांचीच बेरीज मागतो. ट्रॉलीने लावलेलं बल ट्रॅक्टरची गती बदलतं, ते ट्रॅक्टरच्या आकृतीत जातं. दोन्ही मिळून एकच वस्तू मानली, तर हुकावरची ही जोडी आकृतीत येतच नाही.

ट्रॉलीच्या आकृतीतल्या प्रत्येक बाणाला विचारा: कोणी लावला, कोणावर? ‘ट्रॉलीवर’ असं उत्तर नसेल, तर तो बाण खोडा.