'डन' झालेली स्टोरी परत का येते?

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत बसच्या तिकिटांचं ॲप तयार होत आहे असं समजू. काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत चालतं. त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात आणि वापरणाऱ्याला हव्या असलेल्या एकेका सोयीला स्टोरी. या स्प्रिंटमधली एक स्टोरी अशी: प्रवाशाला ॲपवरून तिकीट रद्द करता यावं आणि नियमाप्रमाणे पैसे परत मिळावेत. स्प्रिंट संपायच्या आदल्या दिवशी डेव्हलपर बोर्डावरचं कार्ड 'डन'च्या रकान्यात सरकवतो. डेमोत सगळ्यांसमोर तिकीट रद्द होतं, परताव्याची रक्कम बरोबर दिसते, प्रॉडक्ट ओनर मान डोलावते. पुढे ॲप प्रवाशांच्या हाती जातं आणि पहिल्याच आठवड्यात ती स्टोरी तीन तक्रारी घेऊन परत येते.

पहिली तक्रार एका कुटुंबाची. एकाच तिकिटावर चार सीट, प्रत्येकी ६०० रुपये. एकाला जमणार नव्हतं म्हणून ते एक सीट रद्द करायला गेले, तर चारही रद्द झाल्या आणि २,१६० रुपये खात्यात आले. दुसरी तक्रार हिशेब विभागाची. घाटात रेंज नसताना एका प्रवाशानं 'रद्द करा' हे बटण दोनदा दाबलं आणि त्याला पैसे दोनदा गेले. तिसरी अशी, की ॲप मराठीत लावलेलं असूनही तिकीट रद्द झाल्याचा निरोप इंग्रजीत आला.

आता टीममध्ये वाद सुरू होतो. डेव्हलपर म्हणतो, स्टोरीखाली लिहिलेल्या सगळ्या अटी मी पूर्ण केल्या होत्या. प्रॉडक्ट ओनर म्हणते, डन म्हणजे प्रवाशाला देण्याजोगं, हे काय वेगळं सांगायला हवं होतं? दोघंही खरं बोलत आहेत. फरक इतकाच, की तो ॲक्सेप्टन्स क्रायटेरियाबद्दल बोलतो आहे आणि ती डेफिनिशन ऑफ डनबद्दल. या टीमनं दोन्ही एकाच कागदावर ठेवल्यामुळे कोणती गोष्ट कोणी, कधी तपासायची हे ठरलंच नव्हतं.

ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया म्हणजे त्या एका स्टोरीच्या अटी. सुटायच्या २४ तास आधी रद्द केलं तर ९० टक्के परत, त्यानंतर सहा तास आधीपर्यंत ५० टक्के, त्याहून उशीर झाला तर काही नाही. पैसे ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत जावेत. या अटी सीट निवडण्याच्या स्टोरीला लागू होत नाहीत. डेफिनिशन ऑफ डन मात्र प्रत्येक स्टोरीला सारखीच लागते: कोड दुसऱ्या डेव्हलपरनं वाचलेला आहे, तो मुख्य कोडमध्ये मिसळल्यावरही सगळ्या स्वयंचलित चाचण्या पास होतात, स्टेजिंगवर, म्हणजे खऱ्यासारख्याच पण आतल्या सर्व्हरवर, तो चालवून पाहिला आहे, पडद्यावरचा प्रत्येक शब्द मराठीत आणि इंग्रजीतही आहे. सोनाराकडच्या प्रत्येक दागिन्यावर हॉलमार्क हवाच, पण अंगठीचं माप मात्र ज्यानं ती घडवायला दिली त्याच्या बोटाचं. हॉलमार्क बघून माप कळत नाही आणि माप जुळलं म्हणून सोनं खरं ठरत नाही.

दोन्हींचा उगमही वेगळा आहे. डेफिनिशन ऑफ डन ही स्क्रमची गोष्ट. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या 'स्क्रम गाइड'च्या २०२० च्या आवृत्तीत तिला नेमकं स्थान आहे आणि नियमही कडक आहे: जे काम या व्याख्येत बसत नाही ते प्रवाशांना देता येत नाहीच, स्प्रिंटच्या शेवटच्या आढाव्यात दाखवताही येत नाही, ते परत कामांच्या यादीत जातं. त्याच गाइडमध्ये ॲक्सेप्टन्स क्रायटेरियाचा उल्लेख नाही. ते आले एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगकडून. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड, त्यावरची चर्चा आणि शेवटी खातरजमा. या खातरजमेच्या अटी म्हणजेच आजचे ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया. दोन घराण्यांतून आलेल्या या गोष्टी आता एकाच बोर्डावर नांदतात, आणि बहुतेक टीमना त्यांची ओळख एकाच प्रशिक्षणात, एकाच दुपारी होते. गोंधळ होण्यात नवल नाही.

आता तिन्ही तक्रारींकडे पुन्हा बघू, कारण त्या एका जातीच्या नाहीत.

चार सीटची चूक ॲक्सेप्टन्स क्रायटेरियातली आहे. अट होती, 'तिकीट रद्द केल्यावर ९० टक्के रक्कम परत'. डेव्हलपरनं ती अक्षरशः पाळली: २,४०० रुपयांचे ९० टक्के, २,१६०. कुटुंबाला हवे होते एका सीटचे ५४० आणि उरलेल्या तीन सीट शाबूत. इथे डेफिनिशन ऑफ डन कितीही कडक असती तरी उपयोग नव्हता. कोड वाचणाऱ्यानं कोड बरोबर आहे असंच म्हटलं असतं आणि चाचण्याही पास झाल्या असत्या, कारण त्या लिहिणाऱ्याच्याच समजुतीवर उभ्या होत्या. ही चूक पकडायची जागा कामाच्या आधीची होती. प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर अर्धा तास बसले असते तर टेस्टरनं हमखास विचारलं असतं, 'आणि चारपैकी एकच सीट रद्द केली तर?' चांगल्या टेस्टरला असे प्रश्न सुचतातच. त्या प्रश्नाचं उत्तर मग उदाहरणाच्या रूपात लिहून ठेवायचं. क्युकंबर नावाच्या चाचणीच्या साधनात अशी उदाहरणं मराठीतही लिहिता येतात, त्याच्या भाषांच्या यादीत मराठीचे शब्द आहेत:

```
# language: mr
वैशिष्ट्य: तिकीट रद्द करणे
  परिदृश्य: चारपैकी एक सीट रद्द
    जर तिकिटावर ६०० रुपयांच्या चार सीट आहेत
    जेव्हा प्रवासी २४ तास आधी एक सीट रद्द करतो
    मग त्याला ५४० रुपये परत मिळतात
    आणि उरलेल्या तीन सीट कायम राहतात
```

हे प्रॉडक्ट ओनर वाचू शकते, हो किंवा नाही म्हणू शकते, आणि डेव्हलपर यावरच चाचणी उभी करू शकतो. 'परतावा व्यवस्थित मिळावा' या वाक्याला कोणीच नाही म्हणणार नाही, म्हणून ते अट म्हणून कुचकामी आहे.

इंग्रजी निरोपाची चूक उलट बाजूची. 'मराठीत निरोप हवा' हे रद्द करण्याच्या स्टोरीत लिहिलेलं नव्हतं. सीट निवडण्याच्या स्टोरीत मात्र होतं, कारण ती लिहिताना प्रॉडक्ट ओनरच्या लक्षात आलं. सर्वांना लागू असलेली गोष्ट स्टोरीगणिक लिहायची ठरवली की हेच होतं: दहा स्टोऱ्यांत ती उतरते, अकराव्या स्टोरीत राहून जाते. आणि अकराव्या स्टोरीचा डेव्हलपर म्हणतो, दहांमध्ये मुद्दाम लिहिलं आहे, म्हणजे इथे नको असणार. या तर्कात त्याला दोष देता येत नाही. ही ओळ डेफिनिशन ऑफ डनमध्ये एकदाच असती तर कोणाच्याही आठवणीवर विसंबावं लागलं नसतं.

दोनदा गेलेल्या पैशांची चूक सगळ्यांत शिकण्यासारखी आहे. पहिल्या प्रतिक्रियेत टीम ती या स्टोरीची अट म्हणून लिहिते: 'बटण दोनदा दाबलं तरी परतावा एकदाच'. डेव्हलपर एका दाबण्यानंतर बटण निष्क्रिय करतो आणि कार्ड पुन्हा डनमध्ये जातं. पण रेंज नसताना फोन स्वतःहूनही तीच विनंती पुन्हा पाठवू शकतो, तिथे बटणाचा संबंधच येत नाही. खरा उपाय सर्व्हरवर आहे: प्रत्येक विनंतीला एक खूण द्यायची आणि त्याच खुणेची दुसरी विनंती आली तर पैसे न पाठवता पहिलंच उत्तर परत द्यायचं. आणि ही गरज फक्त परताव्याची नाही. तिकीट काढताना, पाकिटात पैसे भरताना, कूपन वापरताना, जिथे जिथे पैसे हलतात तिथे ती आहे. म्हणून तिची जागा डेफिनिशन ऑफ डनमध्ये: 'पैशांची कोणतीही विनंती दोनदा आली तरी परिणाम एकदाच, आणि त्याची चाचणी आहे.' ती एका स्टोरीत अडकवली तर पुढच्या महिन्यात पाकिटाच्या स्टोरीत तीच चूक नव्यानं होईल, नव्यानं सापडेल, नव्यानं दुरुस्त होईल.

रीवर्क महाग पडतो तो इथेच. दुरुस्तीचा कोड कदाचित चार ओळींचा असेल, पण तोवर डेव्हलपर दुसऱ्या स्टोरीत बुडालेला असतो, त्याच्या कोडवर इतरांचं काम उभं राहिलेलं असतं, टेस्टरला आजूबाजूचं सगळं पुन्हा तपासावं लागतं, आणि हिशेब विभागात कोणीतरी दोनदा गेलेल्या रकमा हातानं शोधत बसतं.

आपल्या टीममध्ये घोटाळा कोणत्या बाजूचा आहे हे कळायला एक सोपी रीत आहे, आणि कोणत्याही मोजमापापेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे. गेल्या काही महिन्यांत डन होऊन परत आलेल्या स्टोऱ्या काढायच्या आणि प्रत्येकीबद्दल विचारायचं: ही चूक दुसऱ्या एखाद्या स्टोरीतही होऊ शकली असती का? हो असेल, तर डेफिनिशन ऑफ डनमध्ये भोक आहे. ती फक्त याच सोयीच्या नियमांतून आली असेल, तर ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया अपुरे होते. वेगाच्या अटीसारख्या सीमेवरच्या गोष्टीही याच प्रश्नानं सुटतात. प्रत्येक पडदा तीन सेकंदांत उघडावा अशी अपेक्षा असेल तर ती सर्वांची; सणासुदीच्या गर्दीत फक्त सीटचा नकाशा तेवढ्यात उघडावा अशी असेल तर ती त्या स्टोरीची.

मात्र हे कळल्यावर टीमचा उत्साह दुसऱ्या टोकाला जातो. प्रत्येक चुकीमागे डेफिनिशन ऑफ डनमध्ये एक ओळ वाढत जाते, परताव्याचे टक्केसुद्धा तिच्यात येतात, आणि चाळीस ओळींची यादी कोणीही न वाचता टिक करतं. यादीतली प्रत्येक ओळ टीमला त्याच स्प्रिंटमध्ये, स्वतःच्या बळावर पूर्ण करता आली पाहिजे. सुरक्षा तपासणी वेगळा विभाग करत असेल आणि त्याला महिना लागत असेल, तर ती ओळ लिहून काही साधत नाही. सगळ्या स्टोऱ्या अर्धवट राहतील किंवा सगळे खोटी टिक करतील. अशा वेळी ती तपासणी अजून बाकी आहे हे कामांच्या यादीत उघडपणे लिहिलेलं बरं. म्हणजे प्रॉडक्ट ओनर रिलीजची तारीख देताना तो महिना धरून देते.

आणि नवी ओळ जोडली म्हणून जुनं काम आपोआप सुधारत नाही. 'परिणाम एकदाच' ही अट पुढच्या स्टोऱ्यांना लागेल, पण तिकीट काढण्याचा पडदा त्याआधीच प्रवाशांच्या फोनमध्ये गेलेला आहे. त्याच्यासाठी वेगळं कार्ड करावं लागतं, आणि त्यावर पैशांचा पडदा असल्यामुळे ते यादीत वर ठेवावं लागतं.