रिक्षामागचे पाच शब्द

सिग्नलला पुढच्या रिक्षाची पाठ निवांत वाचता येते. चालत्या रहदारीत मात्र जेमतेम 2 सेकंद मिळतात. ‘वाहन चालवताना भ्रमणध्वनीचा वापर कटाक्षाने टाळावा’ यात शब्द सहाच, पण ‘भ्र’, ‘ध्व’, ‘क्ष’ ही जोडाक्षरं लांबून गिचमिड दिसतात. त्याऐवजी लिहा, ‘फोन नंतर, आधी घर गाठ’. शब्द पाच, सगळे छोटे, जोडाक्षर एकही नाही. पहिले दोन वरच्या ओळीत, उरलेले खाली. 25 फुटांवरून वाचायला अक्षर अडीच-तीन इंच उंच हवं. ओळींत अंतरही हवं, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रा-वेलांट्यांत अडकतात. रंगवण्याआधी कागद भिंतीला लावून तेवढ्या अंतरावरून एखाद्याला ओझरता दाखवा. तो ज्या शब्दावर अडेल, तोच बदला.