रिलीव्हर कधी येणार? बोटीवरून घरी लिहायचं पत्र

कोकणातल्या कितीतरी घरांत ‘मालक कुठे असतात?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळतं: ‘बोटीवर.’ मालवाहू जहाजांवर एबी, ऑइलर, फिटर किंवा कुक म्हणून गेलेला माणूस आठ-नऊ महिने परत येत नाही. तो घरी लिहितो तेव्हा ‘माझी काळजी करू नकोस’ हे वाक्य हमखास असतं आणि बायकोच्या जिवाला त्याने काडीचाही आराम मिळत नाही. तिला हवं असतं ते वेगळंच: फोन का लागत नाही, तो नक्की कधी येणार आणि काही बिनसलं तर कोणाला विचारायचं.

समजा, दापोलीकडचा एक एबी 10 जूनला साईन ऑन झाला. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, एक महिना मागेपुढे. फेब्रुवारीच्या मध्यावर जहाज ब्राझीलच्या सांतोस बंदरात सोयाबीन भरून चीनकडे निघणार आहे. निघण्याआधी त्याने घरी काय कळवावं?

पहिली गोष्ट, गप्प राहण्याची. हा प्रवास सुमारे 11,000 सागरी मैलांचा. ताशी 12 मैलांच्या वेगाने जवळपास 40 दिवस, तेही आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून. जहाजावर इंटरनेट असलं तरी डेटा मोजून मिळतो. म्हणून त्याने आधीच लिहावं, ‘रविवारी मेसेज करीन. एखादा रविवार चुकला तर नेट नाही असं समज. दोन चुकले तर कंपनीला फोन कर.’ अनेक बायका मोबाइलच्या ॲपवर जहाजाचा ठिपका बघत बसतात आणि तो अचानक थांबला की त्यांच्या पोटात गोळा येतो. ही ॲप बहुतेक करून किनाऱ्यावरच्या अँटेनांनी टिपलेल्या संदेशांवर चालतात आणि त्यांची पोच काही दहा मैलांपुरतीच असते. भर समुद्रात ठिपका जुन्या जागीच राहतो, जहाज मात्र चालत असतं. हे पत्रात दोन ओळींत सांगितलं तर कितीतरी रात्रींची झोप वाचते.

दुसरी गोष्ट, परतीची तारीख. नऊ महिने 10 मार्चला भरतात, पण त्या दिवशी जहाज हिंदी महासागरात असेल. बदलीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, बंदरातच चढू शकतो. चीनचं बंदर मार्चअखेरीस येणार. तिथे रिलीव्हरचा व्हिसा वेळेत झाला तर सुटका, नाहीतर पुढच्या बंदरात. तेव्हा ‘शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा मी असेन’ असं लिहिणं धोक्याचं. त्याऐवजी दोन तारखा द्याव्यात: ‘लवकरात लवकर मार्चअखेर, उशीर झाला तर 10 एप्रिलच्या आसपास.’ त्याहूनही लांबलं तरी एक मर्यादा आहे. खलाशांच्या हक्कांचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की, सलग नोकरीची 12 महिने पूर्ण होण्याआधी खलाशाला घरी परतण्याचा हक्क मिळायला हवा आणि त्याचा खर्च सहसा मालकानेच करायचा.

तिसरी गोष्ट पैशांची. घरच्या खात्यात दरमहा येणाऱ्या भागाला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. ती कोणत्या तारखेच्या आसपास जमा होते हे बायकोला माहीत हवं, कारण गडबडीची खूण तिथेच सगळ्यात आधी दिसते. चार दिवसांचा उशीर बँकेचा असू शकतो. पण दोन महिन्यांचा पगार थकला, तर त्याच करारानुसार मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं. अशा वेळी जहाजाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च मागता येतो.

हे सगळं मागायचं तर कागद घरी हवेत: कराराची प्रत, सीडीसीची प्रत, एजंटचा आरपीएसएल परवाना क्रमांक आणि जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक. जहाजाचं नाव किंवा झेंडा बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. तक्रार मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाकडे जाते. परवाना नसलेल्या एजंटकडून गेलेल्या माणसाला हा आधार मिळवताना फार झगडावं लागतं, म्हणून तो क्रमांक साईन ऑन करण्याआधीच तपासायचा.

एक गोष्ट मात्र कोणताही करार देत नाही. घरात कोणी गेलं तरी भर समुद्रातलं जहाज माघारी वळत नाही. तसं झालं तर भाऊ की चुलते, कोणी पुढे व्हायचं, हेही नवऱ्याने त्याच पत्रात लिहून टाकावं. ते लिहिताना हात जड होतो, पण ऐन वेळी बायकोला एकटीने निर्णय घ्यावा लागत नाही.