पाळणाघराची फी: महिन्याच्या आकड्यापलीकडे

प्रसूती रजेचे सव्वीस आठवडे संपत आले की घरात पाळणाघरांची चौकशी सुरू होते. तीन-चार ठिकाणी फोन होतात, प्रत्येकाचा महिन्याचा आकडा कागदावर उतरतो आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी आकड्याकडे किंवा घराजवळच्या आकड्याकडे कल झुकतो. पण हे आकडे एकाच मापाचे नसतात. एकात नऊ तास धरलेले असतात, दुसऱ्यात साडेदहा. एकात जेवण असतं, दुसऱ्यात डबा आपला. तुलना करायची तर आधी सगळे आकडे एका मापात आणावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या भागातले दर वेगळे असतील. आई-बाबा दोघंही नोकरी करतात. सकाळी नऊला बाळाला सोडतात, संध्याकाळी साडेसहाला घ्यायला येतात आणि महिन्यातले साधारण सहा दिवस ट्रॅफिकमुळे सात वाजतात. महिन्याला कामाचे दिवस २२.

पहिल्या पाळणाघराची फी ९,००० रुपये, वेळ नऊ ते सहा. दुसऱ्याची १२,५००, वेळ साडेआठ ते सात. वरवर पाहता पहिलं साडेतीन हजारांनी स्वस्त. मात्र तिथे सहानंतर प्रत्येक अर्ध्या तासाला ७५ रुपये लागतात. सोळा दिवस अर्धा तास उशीर, म्हणजे १,२०० रुपये. सहा दिवस एक तास उशीर, म्हणजे ९००. शिवाय जेवण आणि दोन वेळचा खाऊ यांचे वेगळे २,००० रुपये. वार्षिक फी ६,०००, ती बारा महिन्यांत वाटली तर दरमहा ५००. बेरीज होते १३,६००. दुसऱ्याच्या फीमध्ये जेवण आहे, सातपर्यंत लेट फी नाही आणि वार्षिक ३,६०० म्हणजे दरमहा ३००. एकूण १२,८००. बाळ प्रत्यक्षात महिन्याला २१२ तास तिथे राहणार. त्यानं भागलं तर पहिलं तासाला ६४ रुपये पडतं, दुसरं ६०.

भागताना तास आपण वापरणार तेवढेच धरायचे. दुसऱ्याच्या दारात साडेदहा तास मिळतात म्हणून २३१ तासांनी भागलं तर दर ५५ रुपये दिसतो, पण सकाळचा तो अर्धा तास आपल्या उपयोगाचाच नाही. आणि ज्या घरात आजी पाचला बाळाला घरी आणतात, त्यांना याच दोन पाळणाघरांपैकी पहिलं खरोखर स्वस्त पडेल.

जेवणाच्या बाबतीत पैशांपेक्षा दोन गोष्टी जास्त विचाराव्यात. पहिली, ‘जेवणासहित’ म्हणजे ताटात नेमकं काय? वरणभात, खिचडी, भाजी-पोळी कुस्करून देणार असतील तर ते जेवण. दुपारचा खाऊ म्हणजे रोज बिस्किटं असतील तर आपल्याला घरून फळ द्यावंच लागेल आणि तो खर्च पुन्हा आपला. दुसरी, भरवतं कोण? वर्ष-दीड वर्षाचं मूल स्वतः चार घास खातं, बाकी सांडतं. एका मावशींसमोर आठ मुलं असतील तर जेवणाच्या वेळेत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. डबा भरलेलाच परत येऊ लागला, तर मुलाच्या भुकेची काळजी करण्याआधी भरवणारे हात किती आहेत ते बघावं.

फीचा मोठा हिस्सा खरं तर या हातांसाठीच असतो. माहितीपत्रकावर ‘चार मुलांमागे एक’ असं लिहिलेलं दिसतं. चोवीस मुलं, सहा कर्मचारी. पण त्या सहांमध्ये संचालक ताई, स्वयंपाकाच्या बाई आणि साफसफाईच्या बाईही मोजलेल्या असल्या, तर मुलांजवळ तिघीच उरतात आणि प्रमाण आठाला एक होतं. शिवाय पाळणाघर साडेदहा तास उघडं राहतं, मावशींची ड्यूटी सात-आठ तासांची असते. सकाळी आलेल्या मावशी चार-पाचला निघतात. म्हणून एकूण प्रमाण न विचारता, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला बाळाच्या खोलीत किती मुलं आणि किती मावशी असतात, असं विचारावं. कुणी रजेवर गेलं तर बदली कोण येतं, हेही.

सांगितलेलं प्रमाण त्या फीत शक्य आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. साडेदहा तास एक मावशी हजर ठेवायची तर साधारण दीड माणूस लागतो. पगार १५,००० धरला तर दीड पगार म्हणजे २२,५००. चार मुलांत वाटला तर एका मुलामागे ५,६२५ रुपये, आठ मुलांत वाटला तर सुमारे २,८००. यात जागेचं भाडं, वीज, स्वयंपाक अजून धरलेलाच नाही. तेव्हा पूर्ण दिवस, जेवण आणि चारास एक असं सगळं कुणी पाच हजारांत देऊ केलं, तर एक तर प्रमाण खरं नाही किंवा पगार फारच कमी आहे. पगार कमी असला की मावशी टिकत नाहीत, आणि दर दोन महिन्यांनी चेहरा बदलला की नुकतं रुळलेलं मूल पुन्हा दारात रडायला लागतं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस असण्याचा कायदेशीर नियमच आहे. तिथल्या मराठी कुटुंबांना पाळणाघर इतकं महाग पडण्याचं हे एक मोठं कारण.

लेट फीत दोन वेगळे प्रकार मिसळलेले असतात. आपल्या पॅकेजची वेळ संपली पण पाळणाघर सुरू आहे, तो एक. आणि पाळणाघर बंद व्हायची वेळ टळून गेली, तो दुसरा. पहिला रोजचा असेल तर लेट फी भरत बसण्यापेक्षा मोठं पॅकेज घेणं बरं. दुसऱ्याचा दर चढा असणं मला योग्य वाटतं, कारण थांबलेल्या मावशींचंही घर असतं, त्यांचीही मुलं वाट पाहत असतात. फक्त ते पैसे त्यांना मिळतात का, हे जरूर विचारा. सूट दहा मिनिटांची की पंधरा, पाच मिनिटं उशीर झाला तर पूर्ण अर्धा तास धरतात का, वेळ कुठल्या रजिस्टरमध्ये लिहितात, हे लेखी घ्या. आणि पैशांहून महत्त्वाचं म्हणजे त्या वेळी बाळाजवळ किमान दोन मोठी माणसं असतात ना, याची खात्री करून घ्या. एकटी मावशी दार उघडायला गेली तर आत कुणीच उरत नाही.

मूल आजारी पडून दहा दिवस घरी राहिलं किंवा दिवाळीत पाळणाघर आठवडाभर बंद असलं, तरी फी बहुधा पूर्णच लागते. जेवणाचे पैसे तरी वजा होतात का आणि सोडताना किती दिवस आधी कळवलं तर डिपॉझिट परत मिळतं, एवढं आधी विचारलेलं बरं.

ऑफिसातही एकदा चौकशी करा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं आहे. काही कंपन्या त्यासाठी बाहेरच्या पाळणाघराशी टाय-अप करतात, आणि तसं असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. डिपॉझिट भरण्याआधी मात्र एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या पाळणाघरात जा, आणि मुलं किती, मावशी किती, हे स्वतः मोजा.