आधी चाळ, मग माणसं

निफाडजवळच्या एका मंगल कार्यालयात काही वर्षांपूर्वी एका शेतीयंत्राच्या अनावरणाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. यंत्र व्यासपीठाच्या एका कोपऱ्यात जांभळ्या कापडाखाली झाकून ठेवलेलं. कार्यक्रमपत्रिका कंपनीनंच करून दिली होती, ती मी निमूटपणे वाचली: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, नऊ मान्यवरांचा परिचय आणि सत्कार. एकेका परिचयाला दोन-अडीच मिनिटं धरली, तर शाल-श्रीफळ मिळून अर्धा तास सहज गेला. पदव्या वाचता वाचता माझं लक्ष तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांकडे गेलं. ते शेजारच्याच्या कानाशी लागले होते. चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "काही नाही बाई, त्या फडक्याखाली काय आहे ते विचारत होतो."

अर्धा तास माईक माझ्या हातात होता आणि समोरच्या माणसाला आपण कशासाठी आलोय तेच कळलं नव्हतं. चूक पत्रिका लिहिणाऱ्याची होती, तशी ती वाचणारीचीही होती.

आपल्याकडे माणसाचा मान आधी. लग्न असो, पुस्तक प्रकाशन असो, शाळेचं गॅदरिंग असो, पाहुण्यांचा परिचय पहिला. पुस्तकाच्या बाबतीत ते चालूनही जातं, कारण लोक लेखकासाठीच आलेले असतात. नव्या वस्तूच्या अनावरणाला आलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न असतो: हे माझ्या काय कामाचं? त्याचं उत्तर मिळेपर्यंत 'इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम. टेक., चौदा वर्षांचा अनुभव' हे शब्द त्याला कुठं अडकवून ठेवावेत तेच कळत नाही. परिचय हे उत्तर असतं, आणि आपण ते प्रश्न पडायच्या आधीच देऊन मोकळे होतो.

हा क्रम उलटवलेलं सगळ्यात जुनं उदाहरण मला माहीत आहे ते संगणकाच्या जगातलं. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत डग्लस एंगलबार्ट नावाचा संशोधक सुमारे हजार तंत्रज्ञांसमोर बसला. माऊस ही वस्तू जाहीरपणे पहिल्यांदा दिसली ती तिथं. बसण्याची मांडणी जरा वेगळी होती, तिच्याबद्दल दोन शब्द बोलून तो थेट कामावर आला. त्यानं श्रोत्यांना कल्पना करायला सांगितली: डोक्यानं काम करणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाच्या टेबलावर एक पडदा असेल, त्यामागचा संगणक दिवसभर तुमच्यासाठी जागा असेल आणि तुम्ही काही करताक्षणी उत्तर देईल, तर त्यातून तुम्हाला किती मिळवता येईल? यंत्राचं वर्णन नाही, संस्थेचा इतिहास नाही. आधी ऐकणाऱ्याचं टेबल. सहकारी पुढे ओघात आले, जो तो आपापलं काम दाखवताना. आज तो कार्यक्रम नव्वद मिनिटांचा चित्रित स्वरूपात पाहता येतो.

आता निफाडची परतफेड. वर्षभरानं त्याच भागातून दुसरं बोलावणं आलं. वस्तू होती कांदा चाळीत ठेवायचं एक उपकरण. ढिगाच्या आतली उष्णता, दमटपणा आणि सडताना सुटणारा वायू मोजायचा आणि प्रमाण वाढलं की शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवायचा, एवढंच त्याचं काम. या वेळी मी पत्रिका हातात घेण्याआधी दोन दिवस मागून घेतले.

पहिल्या दिवशी उपकरण बनवणाऱ्या इंजिनिअर बाईंना भेटले. "हे कशासाठी?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "यात तीन सेन्सर आहेत." हे नेहमीचंच. बनवणाऱ्याला वस्तू आतून दिसते. मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला: "हे उपकरण नसतं, तर उद्या सकाळी कोण काय करत असतं?" त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "चाळीभोवती फिरून वास घेत असतं."

हे हवं होतं. दुसऱ्या दिवशी एका चाळीत जाऊन आले. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि भाव येईल या आशेनं चार-पाच महिने चाळीत राहतो. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी, म्हणजे हवा खेळावी. पण ढीग चार-पाच फुटांचा. त्याच्या पोटात एक कांदा सडला, त्याला पाणी सुटलं की शेजारचे धरतात. बाहेरचा थर कोरडा, लालसर, देखणाच राहतो. चाळीच्या मालकानं मला सांगितलं, "वास बाहेर आला म्हणजे आत कारभार उरकलेला असतो." मग ढीग उपसायचा, मजूर लावायचे, निवडायचं. पाऊस चालू असेल तर तेही होत नाही.

यातून उभी राहिलेली माझी सुरुवात कार्डावर अशी होती:

"नमस्कार. तुमच्यापैकी बहुतेकांची चाळ आत्ता भरलेली आहे. सकाळी निघताना तुम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारली असेल. नाकानं. वास नाही आला, म्हणून तुम्ही निश्चिंतपणे इथं येऊन बसलात. पण ढिगाच्या मधोमध काय चाललंय, हे या क्षणी इथल्या एकालाही ठाऊक नाही. वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. आज जी वस्तू तुम्ही पाहणार आहात, ती कांदा सडणं थांबवत नाही. सडायला लागलाय, एवढं वास येण्याआधी सांगते. पुढचं काम तुमचंच."

हे बोलायला, मधले श्वास धरून, मिनिटाच्या आत-बाहेर वेळ लागतो. त्यात तीन गोष्टी मी मुद्दाम टाळल्या आहेत. सेन्सरचा उल्लेख नाही, कारण ते दाखवण्याचं काम इंजिनिअर बाईंचं. सूत्रसंचालकानंच वस्तू उलगडली की पुढच्या वक्त्याच्या हाती शिळं उरतं. किंमत नाही, कारण ती कंपनीच्या मालकानं सांगायची. आणि अश्रू नाहीत. शेतकऱ्यांसमोर शेतकऱ्यांच्या दुःखाचं पल्लेदार वर्णन करणारे निवेदक मी पाहिले आहेत. समोरची माणसं ते सभ्यपणे सोसतात आणि पुढच्या प्रत्येक शब्दावरचा त्यांचा विश्वास उडतो.

'सडणं थांबवत नाही' या वाक्यावर कंपनीचे मालक अडले. त्यांना 'कांद्याचं नुकसान टळणार' असं हवं होतं. उद्देशाचं वाक्य वस्तूला आयुष्यभर चिकटतं, हे मी त्यांना नॅनोच्या उदाहरणावरून सांगितलं. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटांनी ती गाडी लोकांपुढे आणली. तिच्यामागचा त्यांचा उद्देश सगळ्यांना आठवतो: वडील स्कूटर चालवतायत, पुढे एक मूल उभं, मागे आई, तिच्या मांडीवर बाळ. अशा कुटुंबाला सुरक्षितपणे नेणारं, परवडणारं वाहन. पुण्याच्या टाटा मोटर्समधले गिरीश वाघ त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. पण त्यांचं नाव नंतर, आधी ती स्कूटर. इथवर सगळं चोख होतं. मात्र त्याच दिवशी एक लाख रुपये हा आकडाही जाहीर झाला, आणि देशभर घुमला तो आकडा. 'सुरक्षित गाडी'ऐवजी 'सगळ्यात स्वस्त गाडी' हीच ओळख बसली. स्वस्त गाडी दारात उभी करायला कोणाला आवडतं? पुढे 2013 मध्ये टाटांनी स्वतःच मान्य केलं की कंपनीनंही तिला स्वस्त म्हणूनच विकलं आणि ते दुर्दैवी ठरलं. एका दिवशी दोन उद्देश सांगितले तर लोक त्यातला सोपा घरी नेतात.

मालकांनी वाक्य राहू दिलं.

राहिला मानपानाचा प्रश्न, आणि आपल्याकडे खरी कसोटी तिथंच असते. पाहुण्यांना तासभर नुसतं बसवून ठेवता येत नाही. मी केलेली तडजोड साधी होती. दीपप्रज्वलन सुरुवातीलाच. त्यासाठी प्रत्येकाला नाव आणि एका पदासह वर बोलवायचं, परिचय मात्र वाचायचा नाही. तीन मिनिटांत समई पेटते. त्यानंतर चाळीचं निवेदन, मग इंजिनिअर बाई, मग अनावरण, आणि सत्कार सगळ्यात शेवटी. याचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता: प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले, तरी कार्यक्रम कुठं अडला नाही. सत्कारापर्यंत ते खुर्चीत होते. माणसांवर उभी केलेली सुरुवात मात्र माणूस रस्त्यात अडकला की कोसळते.

उद्देश आधी सांगितला की परिचयाचा मजकूरही बदलतो, आणि माझ्या मते या क्रमाची खरी कमाई हीच. पदव्यांना जागाच उरत नाही. चाळ डोळ्यांपुढे उभी राहिल्यावर मला एवढंच विचारावं लागलं: "मग ढिगाच्या पोटात काय चाललंय, हे शोधायला कोण बसलं होतं?" आणि पुढे: "दोन पावसाळे एका चाळीत रोज तीन वेळा जाऊन मोजमाप लिहून ठेवलेल्या या ताई." नाव त्याच्यानंतर. उपकरणाची पेटी उंदरांपासून वाचेल अशी घडवणारे एक फॅब्रिकेटर होते. त्यांचा परिचय 'उंदरांशी सहा महिने भांडलेले' एवढाच केला. सभागृह हसलं, ते लाजले, आणि पेटीला जाळी का आहे हे वेगळं सांगावं लागलं नाही. प्रत्येकाला एक वाक्य, आणि ते वाक्य त्या प्रश्नाचा एक तुकडा सोडवणारं. ज्याच्याबद्दल असं वाक्य सापडत नाही, त्याचा मान सत्काराच्या वेळी करावा. त्यात त्याचा अपमान नाही.

सुरुवात जमली की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. टाळ्या नऊ परिचयांनाही पडल्या होत्या. मी एक खूण ठेवली आहे: निवेदनानंतर पाच मिनिटांनी पाणी देणाऱ्या मुलाला हळूच विचारायचं, इथं काय आहे आज? त्या दिवशी तो म्हणाला, "कांदा आत खराब होतोय का ते सांगणारं मशीन." सेन्सर हा शब्द तोवर कोणी उच्चारलाही नव्हता.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतले एक शेतकरी उठले. त्यांना नाव काही आठवेना. म्हणाले, "त्या मघाशी दोन पावसाळे मोजत बसलेल्या ताई कुठायत? त्यांना विचारायचंय, लाइट नसली तर हे किती दिवस चालतं?"

ताईंनी माईक घेतला आणि पेटी उघडून बॅटरी दाखवली.