जिल्हाधिकारी जोडून, जिल्हा परिषद तोडून

जिल्ह्याच्या ठिकाणी एसटी स्टँडबाहेर पडले की पाट्या वाचत चालावे. इकडे 'जिल्हाधिकारी कार्यालय', तिकडे 'जिल्हा परिषद', पुढच्या चौकात 'जिल्हा न्यायालय' आणि वाढदिवसाच्या फलकावर कुठल्याशा पक्षाचे हसरे 'जिल्हाध्यक्ष'. शब्द एकच, जिल्हा. पण अधिकाऱ्याला आणि अध्यक्षाला तो चिकटून बसतो, परिषदेपासून आणि न्यायालयापासून मात्र अंतर राखतो. पंचायत राज्याच्या तीन पायऱ्यांचेही तेच. ग्रामपंचायत एका दमात, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद दोन दमांत. 'सामासिक शब्द जोडून लिहावेत' हे शाळेत घोकलेला माणूस इथे अडखळतो. मग जिल्हा परिषद हा समास नाही की काय?

आहे, पक्का समास आहे. जिल्हा आणि परिषद हे दोन स्वतंत्र शब्द असते, तर त्यांचे नाते सांगायला मराठीत 'ची' लागला असता: जिल्ह्याची परिषद. तो 'ची' गाळला गेला आणि अर्थ तरीही राहिला, म्हणजे समास झाला. पुढे प्रत्यय लावून पाहिला तरी तेच दिसते. सभा 'जिल्हा परिषदेत' भरते, 'जिल्ह्या परिषदेत' कोणी भरवत नाही. पहिल्या पदाने वाकणे सोडून दिले आहे, प्रत्यय शेवटच्या पदाला लागतो आणि साऱ्या जोडीला पुरतो.

वाकण्याची ही परीक्षा रोजच्या बोलण्यात घेता येते. वडापावची पाटी कोणी 'वडा पाव' अशी तोडून रंगवतो, कोणी जोडून. पण गिऱ्हाईक 'वडापावच्या गाडीवर' उभे राहते, 'वड्या पावच्या गाडीवर' नव्हे. जिभेने जोडकाम कधीच उरकले आहे, रंगाऱ्याचे काय ते राहिले. याउलट 'काळा बाजार'. अर्थ पाहिला तर हा जोडीचाच शब्द वाटतो, कारण त्या बाजाराला रंग नसतो. तरी तिकिटे 'काळ्या बाजारात' मिळतात. इथे 'काळा' अजून विशेषणासारखा वाकतो, म्हणून दोन शब्द वेगळे लिहिणेच बरे.

या परीक्षेला मर्यादा आहे, तीही लक्षात ठेवावी. एरवी वाकणारे पहिले पद वाकले नाही तर समास नक्की. वाकले म्हणून समास नाहीच, असे मात्र नाही. 'मुलाबाळांना' म्हणताना मुले आणि बाळे दोघेही वाकतात, 'हिरव्यागार शेतात' हिरवाही वाकतो, आणि तरी हे शब्द तोडून लिहायचे कोणाच्या मनात येत नाही.

जोडणे-तोडणे कुठे खरोखर महागात पडते, ते सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्तात पाहावे. 'ठराव एकमताने मंजूर झाला' म्हणजे कोणाचाही विरोध नव्हता. 'ठराव एका मताने मंजूर झाला' म्हणजे सभागृह जवळजवळ दुभंगले होते आणि एका हाताने निकाल लागला. दोन टोकांचे अर्थ, मध्ये फक्त एक काना आणि एक मोकळी जागा. घाईत चिटणीस 'एक मताने' असे लिहून जातो. हे रूप दोन्हीकडचे नाही. स्वतंत्र 'एक' प्रत्ययापुढे 'एका' होतो, समासातला तसाच राहतो पण सुटा उभा राहत नाही. वर्षभराने त्या ठरावावर वाद झालाच, तर त्या सभेला किती हात वर झाले होते हे त्या कागदावरून ठरवणे कठीण.

तर समास ही व्याकरणाची गोष्ट झाली, आणि शब्दांमधली मोकळी जागा ही लेखनाची. दोन्ही एकत्र जन्मल्या नाहीत. जुन्या मोडी कागदांत आधी ओळभर शिरोरेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरे सलग मांडत. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. जोडावे की तोडावे हा प्रश्नच त्या कारकुनाला पडत नसे. छापखाना आला, शिरोरेघ शब्दागणिक तुटू लागली आणि प्रश्न टेबलावर आला. त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी रूढीने दिले आहे, म्हणूनच ग्रामपंचायत जोडून आणि जिल्हा परिषद तोडून. पण दोन ठिकाणी रूढीलाही हात घालता येत नाही.

पहिले ठिकाण संधीचे. जिल्हा आणि अधिकारी जवळ आले, आ आणि अ एकमेकांत विरघळून एकच आ उरला. आता जागा सोडायची कुठे? सोडलीच तर 'जिल्हा धिकारी' होईल. संधी झाली की जोडून लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. परिषदेच्या आरंभी व्यंजन आहे, तिथे काही विरघळत नाही, म्हणून तिथे रूढीला मोकळीक मिळाली.

मग संधी करावी केव्हा? संस्कृतात याचे उत्तर ठरलेले आहे: एका पदात, उपसर्ग आणि धातू यांच्यात आणि समासात संधी झालीच पाहिजे, वाक्यातल्या सुट्या शब्दांत बोलणाऱ्याच्या मर्जीवर. मराठीने हा नियम जसाच्या तसा घेतला नाही. शिवाय इथे शब्दाचे कूळही कोणी विचारत नाही. 'जिल्हा' अरबीतून आलेला, 'शहर' फारसीतून, आणि तरी जिल्हाधिकारी आणि शहराध्यक्ष हे पाणिनीच्या सवर्णदीर्घ संधीने बिनतक्रार जोडले गेले.

मराठी पाहते ते वेगळेच: जोडल्यावर दोन्ही शब्द ओळखू येतात का? जिल्हाधिकाऱ्यात जिल्हा अखंड राहतो, अधिकाऱ्याचा फक्त पहिला अ झाकला जातो. पण 'माहिती' आणि 'अधिकार' यांची संधी नियमाने केली तर होईल 'माहित्यधिकार'. अर्ज करायला गेलेला नागरिक त्या खिडकीपाशी थबकेल. म्हणून २००५ सालचा कायदा 'माहितीचा अधिकार' किंवा 'माहिती अधिकार' याच नावाने ओळखला जातो. तालुक्याचा 'कृषी अधिकारी' कधी 'कृष्यधिकारी' झाला नाही, तोही याच कारणाने. ई किंवा इ पुढच्या स्वरापाशी य बनते आणि शब्दाचा चेहराच बदलते. 'प्रत्येक', 'अत्यंत', 'इत्यादी' हे शब्द चालतात, कारण ते संस्कृतातून जोडलेलेच आले. त्यांचे तुकडे कोणी मोजत नाही.

सर्वांत मजेदार उदाहरण स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी रोज असते. महाराष्ट्र लोकसेवा आयोग. लोक आणि सेवा जोडलेले, आयोग सुटा. नियमाला धरून तोही जोडला, तर सेवा आणि आयोग मिळून 'लोकसेवायोग'. व्याकरण निर्दोष, पण वाचणारा तो 'लोकसेवा-योग' असा फोडेल आणि कुंडलीत सरकारी नोकरीचा योग शोधू लागेल. आयोगाचा आ गिळला गेला की आयोग उरतच नाही. निवडणूक आयोग, वित्त आयोग यांनीही म्हणूनच अंतर राखले असावे. पण 'लोकायुक्त' मात्र बिनधोक जोडून, कारण तिथे 'युक्त' असे वाचायचे कोणाला सुचत नाही.

रूढीचा लहरीपणा पाहायचा तर पंचायत समितीच्या एकाच इमारतीत जावे. एका दारावर 'गटविकास अधिकारी', दुसऱ्यावर 'गटशिक्षणाधिकारी'. 'शिक्षणाधिकारी' हा शब्द जिल्ह्याच्या पातळीवर आधीच घट्ट झालेला होता, त्याला पुढे 'गट' लागला. 'विकासाधिकारी' तसा घट्ट झाला नाही.

जोडायचे पण संधी करायची नाही, अशी तिसरी वाटही मराठीने काढली आहे. 'उपाध्यक्ष' आणि 'उपायुक्त' रुळले, पण बांधकाम खात्यात 'उपअभियंता' असतो. 'उप' एकटा उभा राहू शकत नाही म्हणून जोडलेला, आणि 'अभियंता' ओळखू यावा म्हणून संधीविना. 'सहआयुक्त' हेही तसेच. त्याची संधी केली तर 'सहायुक्त', आणि डोळा आधी 'सहा' वाचतो. संस्कृतचे शिक्षक नाक मुरडतील, पण व्यवहारात ही वाट सोयीची आहे.

दुसरे ठिकाण ऱ्हस्व-दीर्घाचे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. या नियमांप्रमाणे 'कवी', 'बुद्धी', 'कृषी' असे शब्द एकटे असताना शेवटी दीर्घ, पण समासाच्या पहिल्या पदात मूळ संस्कृतासारखे ऱ्हस्व: कविसंमेलन, बुद्धिवैभव, कृषिमंत्री. मंत्री, विद्यार्थी, प्राणी यांचे मूळ मंत्रिन्, विद्यार्थिन्, प्राणिन्. समासात शेवटचा न् जातो आणि ऱ्हस्व इ उरते. म्हणून मंत्रिमंडळ, विद्यार्थिमंडळ, प्राणिसंग्रहालय. मुद्रितशोधकाच्या हाती यातून एक नामी खूण येते. 'मंत्री मंडळ' लिहिले तर निदान दोन सुटे शब्द म्हणून त्यांचे लेखन चुकत नाही, 'मंत्रिमंडळ' तर बरोबरच. पण 'मंत्रीमंडळ' किंवा 'कृषि विद्यापीठ' दिसले की समजावे, लिहिणाऱ्याने मध्येच विचार बदलला: एकात सुट्या शब्दाची वेलांटी ठेवून जागा खाल्ली, दुसऱ्यात समासाची वेलांटी ठेवून जागा सोडली.

खूण सरसकट लावू नये. नदी, लक्ष्मी, स्त्री मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ, लक्ष्मीपूजन, स्त्रीशिक्षण. आणि नळाचे पाणी मराठी, म्हणून 'पाणीपुरवठा' दीर्घ. लग्नातले 'पाणिग्रहण' मात्र ऱ्हस्व, कारण त्यातला 'पाणि' म्हणजे हात. पत्रिकेत तिथे दीर्घ वेलांटी पडली, तर वर वधूचा हात न धरता तांब्या धरतो.

उरतात ती ठिकाणे, जिथे जोडणे चुकीचे नसले तरी घातक असते. 'महिला व बाल विकास विभाग' हे नाव घ्या. 'बालविकास' हा चांगला समास आहे, म्हणून एखादा दक्ष संपादक तो जोडतो आणि 'महिला व बालविकास विभाग' करतो. आता विकास बालकांच्या वाट्याला गेला, महिला नुसत्याच उभ्या. 'व'ने जोडलेल्या दोघींनाही शेवटचे पद वाटून घ्यायचे असेल, तर ते सुटेच ठेवायला हवे. 'सह पोलीस आयुक्त' यातला 'सह' याच हिशेबाने दूर उभा असतो. तो एकट्या पोलिसांना लागू नाही, 'पोलीस आयुक्त' या साऱ्या पदाला लागू आहे. 'जुने पुस्तकविक्रेते' आणि 'जुन्या पुस्तकांचे विक्रेते' यांतला फरकही असाच. पहिल्यात विक्रेते म्हातारे, दुसऱ्यात पुस्तके. समास झाला की त्याच्या आतल्या पुस्तकाला बाहेरचे विशेषण लागत नाही.

त्याच विभागाच्या तालुक्यातल्या कार्यालयात पदनाम बदलते, 'महिला व' गळून पडते आणि दारावर फक्त 'बालविकास प्रकल्प अधिकारी' उरतात. तिथे बाल आणि विकास जोडून लिहायला कोणाची हरकत नाही.